शुगर-फ्री काजू कतली आणि आईचं पोट: दोष कतलीचा, गोळीचा की ऋषीच्या भाजीचा?

हापूसवाली (देवगड)
मंडळी, गणपती गेले, चाकरमानी गेले, आणि आमच्या घरी आईचं पोट तेवढं मागे राहिलं.

आई ६३ वर्षांची, नऊ वर्षं मधुमेह. मामेभाऊ मुंबईहून येताना खास तिच्यासाठी शुगर-फ्री काजू कतलीचा डबा घेऊन आला. "आत्ये, ही तू बिनधास्त खा," म्हणाला. नऊ वर्षं नैवेद्याच्या ताटाकडे नुसतं बघत बसलेल्या बाईला बिनधास्त म्हटल्यावर काय होणार! ऋषिपंचमीला दुपारी जेवणावर चार, संध्याकाळच्या आरतीनंतर तीन, झोपताना दोन. रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आतून गुडगुड बाहेर ऐकू येत होती. सकाळी दहाच्या आत पाच वेळा पातळ. पुढचे दोन दिवस तेच. कतली चालूच होती, कारण "तिच्यात साखर कुठे आहे?"

बाबांनी खापर ऋषीच्या भाजीवर फोडलं. पण ती भाजी घरात सतरा माणसांनी खाल्ली, बाकी कुणाला काही नाही. मेहुणे म्हणतात गोळी: तिची मेटफॉर्मिन आठच दिवसांपूर्वी ५०० वरून १००० केली होती. मला कतलीचाच संशय येतोय. असा अनुभव आणखी कुणाला आहे का? आणि शुगर-फ्रीने पोट का बिघडावं?

तारकर्ली_तरंग
सतरा माणसं आणि एक संडास? खरी बातमी ती आहे.

हापूसवाली
दोन आहेत हो. एक चाकरमान्यांनी अडवलेला.

कोकम_आगळ
शुगर-फ्री म्हणजे चहात टाकायची ती गोळीच ना? सगळी केमिकलं. सुक्रालोज आतड्यात जाऊन सगळं सडवतं. आमच्याकडे मी घरात येऊच देत नाही. गूळ खा, पिढ्यान् पिढ्या खाल्लाय, कुणाचं काही बिघडलं नाही.

खाडीकाठ
गूळ मधुमेह्याला? धन्य.

माजघर
छान धागा. माझ्या सासऱ्यांनाही शुगर आहे. बिनसाखरेचे उकडीचे मोदक कसे करायचे ते कुणी सांगेल का? सारण पातळ होतं आणि कळी फुटते.

एकतारी (गुहागर)
हापूसवाली, तुमचा संशय बरोबर वाटतो, पण आधी डब्यावरचं वाचून सांगा. मी बावीस वर्षं मिठाई-गोळ्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो, आता सुपारीची बाग बघतो.

कोकम_आगळ, तुमचं अर्धं बरोबर आहे. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड. म्हणून चहाला चिमटीच्याही चिमटीएवढं पुरतं आणि तेवढ्याने कुणाला जुलाब लागत नाहीत. पण कतली नुसत्या गोडीवर उभी राहत नाही. काजूच्या पुडीत पाक घातला की जो गोळा वळतो तो साखरेच्या वजनावर. साखर काढली तर वजनाने तितकंच काहीतरी घालावं लागतं, नाहीतर हातात काजूचं पीठ राहतं. ते 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा माल्टिटॉल. साखरेसारखंच दिसतं, पाकही होतो, गोडी साखरेच्या नव्वद टक्के. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, आयसोमाल्ट ही त्याची भावंडं. या घराण्याला शुगर अल्कोहोल म्हणतात आणि डब्यावर पॉलिऑल लिहितात.

तारकर्ली_तरंग
अल्कोहोल?? आमचे बाबा माळकरी आहेत, ते दिवसाला सहा शुगर-फ्री गोळ्या चघळतात. माळ काढून ठेवायला सांगू?

एकतारी
राहू दे माळ. रसायनशास्त्रातल्या कुळाचं नाव आहे ते. त्याने नशा चढत नाही, आणि ती नेहमीची साखरही नव्हे.

हापूसवाली
डबा आणला. १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ५२, मिसळलेली साखर ०, पॉलिऑल ३४. घटकांत माल्टिटॉल, आय.एन.एस. ९६५. आणि हो, तळाशी, बारकोडच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ: पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात. ही ओळ मामेभावाला कशी दिसणार, मला चष्मा लावून मोबाईलने फोटो मोठा करावा लागला.

एक कतली काट्यावर ठेवली, १२ ग्रॅम भरली.

एकतारी
मग गणित करू. नऊ कतल्या म्हणजे १०८ ग्रॅम. त्यातलं ३४ टक्के म्हणजे जवळजवळ ३७ ग्रॅम माल्टिटॉल, एका दिवसात. सॉर्बिटॉल असेल तर दहा ग्रॅमलाच काहींचं पोट फुगतं आणि वीसपर्यंत बऱ्याच जणांना पळावं लागतं. माल्टिटॉल जरा सौम्य, पण तीस-चाळीसला तेही अनेकांना झेपत नाही. तुमच्या आई बरोबर त्या टप्प्यात गेल्या.

आता का ते. साखरेला आतड्याच्या भिंतीत ठरलेले हमाल असतात, ते तिला उचलून पटकन रक्तात टाकतात. पॉलिऑलला हमाल नाहीत. ते भिंतीतून हळूहळू झिरपतं, जेवढं झिरपलं तेवढं झिरपलं, बाकीचं पुढे सरकतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं ना? तसंच हे न शोषलेलं माल्टिटॉल आतड्यात पाणी खेचून धरतं. म्हणून पातळ.

आणि उरलेलं मोठ्या आतड्यात पोचतं तेव्हा तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. रात्री भिजवून ठेवलेलं आंबोळीचं पीठ सकाळी भांड्याबाहेर येतं, तोच प्रकार, फक्त भांडं म्हणजे तुमचं पोट. नगारा तिथून आला. पाणी आणि वायू ही दोन वेगळी कामं आहेत. थोडं खाल्लं तर नुसता गुबारा धरतो, जास्त खाल्लं तर दोन्ही.

खाडीकाठ
+१. आंबोळीचं उदाहरण झकास. आता आंबोळी खाताना आठवणार, हा भाग वाईट.

रापण_ओढा (मालवण)
मी सहसा इथे लिहीत नाही, पण हे वाचून घाम फुटला.

मी दीड वर्षांपूर्वी गुटखा सोडला. तोंड रिकामं राहवेना म्हणून शुगर-फ्री च्युइंग गम सुरू केलं. होडीवर गेलं की खिशात दोन पाकिटं. दिवसाला पंधरा-सोळा सहज. गेल्या वर्षी मला चार महिने जुलाब होते. वजन ७१ चं ६४ झालं. घरचे म्हणाले मासे बाधले, कोणी म्हणालं विहिरीचं पाणी, भगताकडे नारळसुद्धा ठेवून झाला. मग एका मोठ्या हॉस्पिटलात शौचाची तपासणी, थायरॉईड, शेवटी दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं. सगळं स्वच्छ. पोट नाजूक आहे, टेन्शन घेऊ नका, असं सांगून गोळ्या दिल्या. काय खाता ते प्रत्येकाने विचारलं. मी भात, मासे, सोलकढी सांगितली. गम कोण सांगणार? ते काय खाणं आहे?

पावसाळ्यात होड्या वर काढल्या तेव्हा गम आपोआप कमी झालं आणि पोटही आपोआप बरं झालं. मला वाटलं भगताचा नारळ लागू पडला. आता पाकीट बघितलं. पहिलाच घटक सॉर्बिटॉल.

एकतारी
रापण_ओढा, तुमच्यासारखंच एक प्रकरण वैद्यकीय साहित्यात गाजलेलं आहे. २००८ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन रुग्ण मांडले. २१ वर्षांची एक मुलगी, महिनोन् महिने जुलाब, ११ किलो वजन उतरलेलं, सगळ्या तपासण्या चांगल्या. शेवटी खोदून विचारल्यावर कळलं की गमच्या एका कांडीत सव्वा ग्रॅम सॉर्बिटॉल, आणि ती दिवसाला १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल गमवाटे घेत होती. दुसरा ४६ वर्षांचा माणूस, २२ किलो घटलेला. तो रोज वीस कांड्या आणि वर शुगर-फ्री गोळ्या खायचा, एकूण ३० ग्रॅमच्या आसपास. दोघांनी बंद केलं, जुलाब थांबले, वजन वाढलं.

तुमच्या सोळा कांड्या गुणिले सव्वा, वीस ग्रॅम. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, तेव्हा हा अंदाजच धरा.

रापण_ओढा
म्हणजे भगताला दिलेले पाचशे एक रुपये गेले.

तारकर्ली_तरंग
भगत म्हणेल, गम सोडायची बुद्धी नारळानेच दिली. तुम्ही हरलात.

वेंगुर्ल्याची_सिस्टर
निवृत्त परिचारिका आहे, तेव्हा जरा थंड पाणी ओतते. रापणकरांचं वजन सात किलो उतरलं होतं, म्हणजे त्यांनी तपासण्या केल्या हे चुकलं नाही. गम हे कारण सापडलं ते आता, मागे वळून बघताना. शौचातून रक्त, ताप, काही न खाताही चालूच राहणारे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर 'कतलीच असेल' म्हणून घरी बसू नका.

पॉलिऑलचे जुलाब ओळखायची सोपी खूण म्हणजे खाणं थांबलं की तेही थांबतात. आतड्यात पाणी धरून ठेवणारा पदार्थच नाही, तर पाणी धरणार कोण? साधारण दोन-तीन दिवसांत फरक कळतो. हापूसवाली, कतली पूर्ण बंद करा, गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन वाढवली की पहिल्या काही आठवड्यांत पोट सैल होतं हे अगदी खरं आहे, तुमच्या मेहुण्यांना मोडीत काढू नका. ती जेवणासोबत घेतली तर त्रास कमी होतो, आणि हळूहळू विरघळणारी मिळते तीही बऱ्याच जणांना सोसते. पण ते डॉक्टरांना विचारून.

आणि पाणी पाजताय ना? काय देताय?

हापूसवाली
लिंबूपाणी, मीठ घालून, साखर न घालता. ओआरएस आणलं होतं, आईने हात लावला नाही. "त्यात ग्लुकोज आहे," म्हणाली.

वेंगुर्ल्याची_सिस्टर
हेच मला कळलं होतं. अहो, ओआरएसमधलं ग्लुकोज चवीसाठी नसतं. ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि पाणी सोबत ओढून नेतात. ग्लुकोज काढलंत तर नुसतं खारट पाणी राहतं. लिटरभरात साडेतेरा ग्रॅम असतं, ते दिवसभरात घोटघोट जाणार. आईंना पाच-पाच वेळा होत असेल तर तेच द्या, साखर मोजत राहा, आणि डॉक्टरांना फोन करा. या वयात, मधुमेहात, अंगातलं पाणी कमी होणं जास्त वाईट.

देवबाग_दादा
माझ्या कुत्र्याने गेल्या महिन्यात टेबलावरचं गमचं पाकीट चावून खाल्लं. जुलाब नाही, पण तासाभरात झोकांड्या खायला लागला. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, झायलिटॉल होतं का. होतं. सलाईनमधून ग्लुकोज दिलं, वाचला. माणसाला जे फक्त पळवतं ते कुत्र्याची साखर एकदम खाली पाडतं म्हणे. विषयांतर आहे, पण घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा.

माजघर
बाप रे. पण मोदकाचं कुणी सांगितलंच नाही.

कोकम_आगळ
मी वाचतोय सगळं. मान्य, सुक्रालोजबद्दल माझं चुकलं. पण शेवटी केमिकलच ना सॉर्बिटॉल? निसर्गात असतं का?

एकतारी
असतं हो. सफरचंदात, नासपतीत, सुक्या आलुबुखारात. आलुबुखार खाल्लं की पोट साफ होतं ते काही अंशी त्याच्यामुळेच. निसर्गातलं असो की कारखान्यातलं, आतड्याला हमाल नाहीत ते नाहीतच.

खाडीकाठ
मी वेगळंच विचारतो. माल्टिटॉल म्हणजे शून्य साखर असं मामेभाऊ समजले. मधुमेह्याला तरी ते चालतं का? माझ्या बायकोने शुगर-फ्री बर्फीनंतर मशीनवर बघितलं तर आकडा चढलेला.

एकतारी
खरी मेख इथेच आहे. माल्टिटॉलचा रेणू म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं सॉर्बिटॉल, एकमेकांना चिकटलेले. लहान आतड्यात काही भाग तुटतो. सुटलेलं ग्लुकोज रक्तात जातं आणि सुटलेलं सॉर्बिटॉल खाली जाऊन वर सांगितलेला उद्योग करतं. साखरेपेक्षा आकडा कमी चढतो, सुमारे निम्म्याने म्हणा, पण चढतो. ग्रॅममागे साखरेच्या चार कॅलरी, याच्या दोनच्या थोड्या वर. आणि कतलीतले काजू कुठे गेले? तेही खाण्यातच धरायचे.

कारखान्यात आम्ही यावर भांडायचो. 'शुगर-फ्री' हा शब्द कायद्याने बरोबर होता. गिऱ्हाईक तो 'शुगर असलेल्यांनी खा' असा वाचायचं.

हापूसवाली
आईची त्या रात्री जेवणानंतर दोन तासांनी २१२ होती. एरवी १६०-१७० असते.

वेंगुर्ल्याची_सिस्टर
त्या दिवशी दुपारी उकडीचे मोदक झाले असतील ना? खरं सांगा.

हापूसवाली
...एक. तिने सांगितलेला एक. किती खाल्ले ते गणपतीला माहीत.

वेंगुर्ल्याची_सिस्टर
मग २१२ चा दोष एकट्या कतलीला देता येणार नाही.

भातसाचं_पाणी
उशिरा आलो. एरिथ्रिटॉल वापरा, त्याने काही होत नाही, मी किलोवर मागवतो.

एकतारी
ते भावंडांत वेगळं आहे खरं. जवळजवळ नव्वद टक्के लहान आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे तसंच बाहेर पडतं, खाली जिवाणूंना फारसं काही उरत नाही. तरी उपाशीपोटी सरबतातून भरपूर घेतलं तर मळमळ आणि पातळ होणारी माणसं मी बघितली आहेत. आणि २०२३ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. कारण तेच, असं त्यातून ठरत नाही, आपलं शरीर स्वतःही ते थोडं बनवतं. पण किलोवर मागवण्याआधी मी थांबेन.

भातसाचं_पाणी
म्हणजे काहीच खायचं नाही?

तारकर्ली_तरंग
बांगडो खा. शून्य पॉलिऑल.

हापूसवाली
चार दिवसांनी परत आले. डॉक्टरांशी बोलून घेतलं. कतली बंद, गोळी तीच १००० ची, आता जेवणाच्या मध्ये. ओआरएस दोन दिवस दिलं, मशीनवरचा आकडा काही उडाला नाही. बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदाच गेली, तिसऱ्या दिवशी घट्ट. पोटाचा नगारा पहिल्याच रात्री उतरला.

मेहुणे म्हणतात, मग गोळी निर्दोष सुटली असं समजू नका. जेवणाच्या मध्ये घेतल्यामुळेही फरक पडला असेल. मला उत्तर सुचलं नाही.

वेंगुर्ल्याची_सिस्टर
मेहुण्यांचं बरोबर आहे. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. गोळीने आतडं आधीच हळवं झालेलं आणि वर ३७ ग्रॅम, असंही असेल. नक्की ठरवायचं तर परत नऊ कतल्या द्याव्या लागतील, आणि तो प्रयोग मी तरी सांगणार नाही.

हापूसवाली
तो प्रयोग नववीतल्या भाच्याने परवानगी न घेता केला. "मला काय होतंय" म्हणून संध्याकाळी आठ कतल्या. त्याला मेटफॉर्मिन नाही, मधुमेह नाही. रात्री साडेअकराला चाकरमान्यांनी अडवलेला तो संडास त्याने अडवला.

एकतारी
आठ म्हणजे ३२-३३ ग्रॅम, आणि शरीर लहान. एका बसण्यात. ऋषीच्या भाजीला आता सोडून द्यायला हरकत नाही.

आईंना पुढच्या वर्षी हौस असेल तर दिवसाला एखादी, जेवणावर, आणि ती खाण्यात धरून. एका कतलीत चार ग्रॅम, तेवढं बहुतेकांना सोसतं. सवयीने काहींचं आतडं थोडं सरावतं, पण त्यावर विसंबू नका.

रापण_ओढा
मी आता बडीशेप चघळतो. पंधरा दिवस झाले, पोट ठीक. गुटख्याची आठवण मात्र गमने जास्त जायची.

माजघर
मोदकाचं मीच शोधलं: गूळ निम्मा, खोबरं जास्त, आणि सासऱ्यांना एकच. डब्यात कतल्या उरल्या का हो? टाकल्यात?

हापूसवाली
सहा उरल्या होत्या. शेजारच्या काकूंना कित्येक वर्षांचा बद्धकोष्ठाचा त्रास. आईने त्यांना सगळी हकीकत सांगितली, तर त्या डबाच मागून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "औषधाच्या दुकानातलं गोड पातळ औषध असंच काम करतं, हे निदान काजूचं आहे." रोज रात्री एक घेतात. काल विचारायला आल्या होत्या, मामेभाऊ परत कधी येणार.

एकतारी
काकूंना सांगा, ते औषध वेगळं असलं तरी काम त्याच रीतीने करतं. पण एकच. दोन नको.